‘आजोबांचं आहे, म्हणजे वडिलोपार्जितच’ असं नसतं

प्रश्न: बाबा ऐंशीचे आहेत, रेल्वेतून निवृत्त. बोरिवलीचा फ्लॅट १९८९ साली आई-बाबा दोघांच्या नावे घेतला. आई २०१६ मध्ये गेली, मृत्युपत्र नव्हतं. गिरगावात आजोबांच्या खोलीच्या बदल्यात मिळालेला फ्लॅट आहे आणि संगमेश्वर तालुक्यात एक एकर जमीन. धाकटा भाऊ त्यांच्याजवळ राहतो म्हणून सगळं त्याच्या नावे मृत्युपत्रात लिहिणार, असं बाबा म्हणतात. काका म्हणतात, आजोबांचं आहे म्हणजे वडिलोपार्जित, असं करताच येत नाही. बोरिवलीलाही गावाकडून साठ हजार गेले होते. माझा आणि माझ्या विवाहित बहिणीचा हक्क आहे की नाही?

उत्तर: तुम्ही पाठवलेली कागदपत्रं वाचली. तीन मिळकती आहेत आणि तिघींचं उत्तर वेगळं आहे. गिरगावचा फ्लॅट बाबा एकट्या धाकट्याला देऊ शकतात. गावची जमीन पूर्ण देऊ शकत नाहीत, फक्त स्वतःचा हिस्सा देऊ शकतात. बोरिवलीचा फ्लॅटही पूर्ण देता येणार नाही, पण त्याचं कारण काका सांगतात ते नाही. ते कारण तुमच्या आईच्या नावात आहे.

आधी काकांच्या वाक्याचं बघू, कारण अर्ध्या मुंबईत वाटण्यांची भांडणं याच वाक्यावरून सुरू होतात. मिळकत कोणाची होती एवढ्यावर ती वडिलोपार्जित ठरत नाही. ती बाबांकडे कोणाकडून, कधी आणि कोणत्या वाटेने आली, हे तिन्ही विचारावं लागतं. जुन्या हिंदू कायद्यात बाप, आजा किंवा पणजा यांच्याकडून वारसाने आलेल्या मिळकतीत मुलाला जन्मतःच हिस्सा मिळायचा. तीच खरी वडिलोपार्जित मिळकत. १७ जून १९५६ ला हिंदू वारसा कायदा लागू झाला आणि चित्र बदललं. त्यानंतर एखादा माणूस मृत्युपत्र न करता वारला आणि त्याची स्वतःची मिळकत कलम ८ प्रमाणे मुलाकडे आली, तर ती त्या मुलाची स्वतःची होते. नातवाला तिच्यात जन्माने काही मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली चंदर सेन प्रकरणात हे स्पष्ट केलं. गंमत म्हणजे तो वाटणीचा दावा नव्हताच, संपत्ती कराचा खटला होता. पण आज वाटणीच्या दाव्यात त्याचा हवाला दिल्याशिवाय कोणी उभं राहत नाही.

म्हणून आजोबांची मिळकत समोर आली की मी दोन गोष्टी विचारतो: आजोबांनी ती कशी मिळवली आणि ते कधी वारले. अशिलांना आजोबांचा जन्म कुठल्या गावचा हे पाठ असतं, मृत्यूचा दाखला मात्र शोधावा लागतो.

आता गिरगाव. आजोबांनी १९५१ साली ती खोली स्वतःच्या पगारातून पागडी देऊन घेतली. भाडेपावती त्यांच्या एकट्याच्या नावे होती. १९८४ मध्ये ते गेले तेव्हा बाबा त्यांच्याबरोबर तिथेच राहत होते, काका ठाण्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. भाडे कायद्यात भाडेकरू वारला की त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरू मानलं जातं. त्यानुसार पावती बाबांच्या नावे झाली. पुढे चाळ पुनर्विकासाला गेली, कायम पर्यायी जागेचा नोंदणीकृत करार बाबांच्या नावे झाला आणि मालकीचा फ्लॅट मिळाला. यात कुठेही पणजोबांची मिळकत नाही. आजोबांचं स्वतःचं होतं आणि ते १९५६ नंतर बाबांकडे आलं. तुम्हा तिघांनाही त्यात आज काही हिस्सा नाही. ‘आम्ही तिथेच जन्मलो, तिथेच शिकलो’ हे खरं असेल, पण त्याने मालकी येत नाही.

एक गोष्ट जाता जाता. ही खोली अजून पागडीचीच असती, तर बाबांना ती मृत्युपत्राने कोणालाही देता आली नसती. भाडेकरूचा हक्क मृत्युपत्राने जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या निकालात ठरवलं आहे. तेव्हा भाऊ त्यांच्याजवळ राहतो हाच निर्णायक मुद्दा झाला असता. आता मालकी आली, म्हणून मृत्युपत्र चालतं. आणि काकांना या फ्लॅटबद्दल बोलायचं असेल, तर ‘वडिलोपार्जित’ म्हणून नव्हे, आजोबांचे वारस म्हणून त्यांना स्वतःसाठी बोलावं लागेल. खोली सोडून गेल्यानंतर इतक्या वर्षांनी ते सोपं नाही. तुमच्या हक्कासाठी मात्र त्यांचा मुद्दा कामाचा नाही.

गावच्या जमिनीचं उलट आहे. तिथे काका बरोबर आहेत. तुमच्या पणजोबांच्या नावे असलेली जमीन १९३८ मध्ये ते वारल्यावर आजोबांकडे आली, म्हणजे जुन्या कायद्याने आली. बाबा आणि काका जन्मले तेव्हाच त्यांना तिच्यात हिस्सा मिळाला. १९७२ मध्ये आजोबा असतानाच तिघांत नोंदणीकृत वाटणीपत्र झालं आणि बाबांच्या वाट्याला एक एकर आला. वाटणी झाली की मिळकत स्वतःची झाली, असा समज आहे. काकांच्या बाबतीत ती वेगळी झाली हे खरं. पण वडिलोपार्जित मिळकतीच्या वाटणीत मिळालेला हिस्सा बाबांच्या पुढच्या पिढीसाठी वडिलोपार्जितच राहतो. सातबाऱ्यावर एकट्या बाबांचं नाव आहे म्हणून काही बिघडत नाही. सातबारा महसूल कोणाकडून घ्यायचा हे सांगतो, मालकीचा तो पुरावा नव्हे. तुमच्या कामाचा कागद म्हणजे १९७२ चं वाटणीपत्र आणि त्याआधीचे फेरफार, ज्यात ‘मयत अमुक यांचे वारस’ अशी नोंद सापडते. पणजोबांच्या नावाचा फेरफार सापडला नाही तर पणजोबांची जमीन होती हेच सिद्ध करणं अवघड जातं, म्हणून तलाठी कार्यालयातून किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून तो आत्ताच काढून ठेवा. जुने फेरफार मोडीत असतील, तर ते वाचून देणारे लोक अजून मिळतात.

बहिणीचं लग्न १९९० साली झालं, म्हणून तिचा हक्क नाही असं भावाने तिला सांगितलं आहे म्हणे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना समान हिस्सा दिला तेव्हा आधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं होतं, त्यामुळे ही समजूत आजही टिकून आहे. पण ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट उरली नाही, आणि २०२० मध्ये विनीता शर्मा निकालाने मुलीचा हक्क जन्मतःच आहे हे पक्कं केलं. लग्न कधी झालं याला आता अर्थ नाही.

तर त्या एका एकरात, म्हणजे चाळीस गुंठ्यांत, आज चार हिस्सेदार आहेत: बाबा, तुम्ही, भाऊ, बहीण. प्रत्येकी दहा गुंठे. बाबा आपले दहा गुंठे मृत्युपत्राने भावाला देऊ शकतात, हिंदू वारसा कायद्याचं कलम ३० ती मुभा देतं. मग भावाकडे वीस गुंठे होतील आणि तुम्हा दोघांकडे दहा-दहा राहतील. मृत्युपत्रात ‘माझी संपूर्ण जमीन’ लिहिलं तरी मजकूर दहा गुंठ्यांपुरताच लागू पडेल. इथे एक बारीक फरक लक्षात ठेवा. हाच अविभक्त हिस्सा बाबा हयातीत बक्षीसपत्राने भावाला देऊ शकत नाहीत, तुमच्या संमतीशिवाय ते बक्षीसपत्र टिकत नाही. मृत्युपत्र चालतं, बक्षीसपत्र चालत नाही. हे ऐकून लोकांना विचित्र वाटतं, पण कायदा असाच आहे.

आता बोरिवली. खरा ऐवज तिथे आहे.

काकांचा मुद्दा साठ हजारांचा. फ्लॅट १९८९ साली दोन लाख चाळीस हजारांना घेतला. तुमच्याकडच्या फायलीत रेल्वेकडून घेतलेल्या घरबांधणी कर्जाची कागदपत्रं, भविष्य निर्वाह निधीतून काढलेल्या रकमेची नोंद आणि बिल्डरच्या पावत्या आहेत. त्यांची बेरीज एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास जाते. उरलेले साठ हजार कुठून आले, याचा कागद नाही. काकांना आठवतं की ते गावाकडून आले.

एकत्र कुटुंब होतं एवढं दाखवून मिळकत एकत्र कुटुंबाची ठरत नाही. कुटुंबाकडे वडिलोपार्जित उत्पन्न होतं आणि ते खर्च भागून नवी मिळकत घेण्याइतकं उरत होतं, हे म्हणणाऱ्याला आधी सिद्ध करावं लागतं. ते झालं तरच ‘हे माझ्या कमाईचं’ हे सिद्ध करण्याचा भार बाबांवर जातो. सर्वोच्च न्यायालयाने हे १९५४ पासून सांगितलं आहे. चाळीस गुंठे वरकस जमीन, त्यात काही आंब्याची आणि काजूची झाडं, यातून १९८९ पर्यंत साठ हजार शिल्लक पडले हे कोणत्या न्यायाधीशाला पटवाल? आंबा कुठल्या दलालाकडे जायचा, पट्टी किती यायची, पैसे कोणाच्या खात्यावर जमा व्हायचे, उलटतपासणीत हेच विचारतील आणि काका अडखळतील. शिवाय ‘गावाकडून आले’ याचा अर्थ ‘आजोबांनी दिले’ असाही असू शकतो. आजोबा १९८४ लाच गेले होते, त्यांनी मागे ठेवलेली स्वतःची शिल्लक बाबांकडे आली असेल तर ती वर सांगितल्याप्रमाणे बाबांची स्वतःचीच. वडिलोपार्जित पैसा म्हणता येईल तो फक्त त्या एकराचा. तुमच्याकडे त्या जमिनीचा एखादा तुकडा १९८८-८९ मध्ये विकल्याचं खरेदीखत आणि तीच रक्कम बिल्डरकडे गेल्याची बँकेची नोंद असती, तर गोष्ट वेगळी होती. तसंही पूर्ण फ्लॅट आपोआप कुटुंबाचा झाला नसता, किती आधाराने घेतला ते कोर्टाने तपासलं असतं. आज तर काकांच्या आठवणीवर दावा टाकणं म्हणजे कोर्ट फी आणि दहा वर्षं वाया घालवणं.

आणखी एक युक्तिवाद तुमच्या पत्रात आहे: आजोबांनी बाबांना शिकवलं, त्या शिक्षणावर नोकरी लागली, म्हणून पगारही कुटुंबाचा. हा प्रश्न १९३० च्याच कायद्याने संपवला आहे. कुटुंबाच्या पैशाने शिकलेल्या माणसाची कमाई त्याची स्वतःचीच.

म्हणजे बोरिवलीचा फ्लॅट स्वकष्टार्जित. आता आईकडे येऊ. करारनाम्यावर खरेदीदार म्हणून दोन नावं आहेत आणि शेअर सर्टिफिकेटवरही दोन. हिस्सा लिहिलेला नाही, तेव्हा साधारणपणे निम्मा-निम्मा धरतात. आई मृत्युपत्र न करता गेली. हिंदू स्त्रीच्या मिळकतीचे पहिले वारस म्हणजे नवरा आणि मुलं, सगळे सारख्या हिश्शाने. आईच्या निम्म्याचे चार भाग झाले: बाबा, तुम्ही, भाऊ, बहीण, प्रत्येकी एक अष्टमांश. बाबांचे स्वतःचे चार अष्टमांश आणि आईकडून आलेला एक, असे पाच. भावाचा स्वतःचा एक आधीच आहे. बाबांनी आपले पाचही अष्टमांश भावाला दिले तर त्याच्याकडे सहा होतात. तुमचा एक आणि बहिणीचा एक राहतो, आणि बाबांच्या मृत्युपत्रात काहीही लिहिलं तरी त्याला धक्का लागत नाही. हा हक्क २०१६ पासूनच तुमचा आहे, बाबांच्या पश्चात मिळणारा नाही.

बाबांच्या बाजूने यावर एक उत्तर येऊ शकतं: आई गृहिणी होती, सगळे पैसे मी भरले, तिचं नाव फक्त सोयीसाठी. हा युक्तिवाद कोर्टात होतो आणि कधी कधी चालतोही, म्हणून तुमचा अष्टमांश पक्का आहे असं मी म्हणणार नाही. पण नोंदणीकृत करारात तिचं नाव मालक म्हणून आहे, आणि सोयीसाठी होतं हे सिद्ध करणं बाबांच्या किंवा भावाच्या डोक्यावर आहे. पत्नीच्या नावे केलेली खरेदी ही बहुतेक वेळा तिला सुरक्षितता म्हणून केलेली असते, हेही कोर्ट लक्षात घेतं.

आता जो कागद मला दिसला नाही त्याबद्दल. आई गेल्यावर २०१६-१७ मध्ये सोसायटीने फ्लॅट एकट्या बाबांच्या नावे केला, असं तुम्ही लिहिलंय. त्या वेळी तुम्ही आणि बहिणीने काय सही करून दिलं? सेक्रेटरीने छापील फॉर्मवर ‘आमची हरकत नाही’ असं लिहून घेतलं असेल, तर काळजी करू नका. सोसायटीचं रेकॉर्ड बदलण्यासाठी दिलेल्या ना-हरकतीने मालकी जात नाही. नॉमिनेशनचंही तसंच. सोसायटीत भाऊ नॉमिनी असेल तर सोसायटी त्याच्याशी व्यवहार करेल, पण वारसांचा हक्क नॉमिनेशनने मरत नाही. मात्र तुम्ही दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन, अंगठा आणि फोटो देऊन, ‘हक्कसोडपत्र’ नोंदवलं असेल, तर तुमचा अष्टमांश तिथेच बाबांकडे गेला आणि आता तोही ते भावाला देऊ शकतात. लोकांना सहसा आठवत नाही की त्यांनी नेमकं काय केलं. ‘सोसायटीचं काम होतं, सही करून आलो’ एवढंच आठवतं. नोंदणीकृत दस्त असेल तर त्याची सूची क्रमांक २ निघेलच, ती नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येते. आधी ती काढा.

मृत्युपत्राबद्दल थोडं. एका मुलाला सगळं देणं आणि बाकीच्यांना वगळणं यात स्वतःच्या मिळकतीपुरतं काहीही बेकायदा नाही. कारण लिहिणंही बंधनकारक नाही, पण लिहिलेलं चांगलं. ‘धाकटा माझी देखभाल करतो, थोरल्याला मी त्याच्या घरासाठी आधीच मदत केली आहे’ असं एक वाक्य पुढचे बरेच प्रश्न वाचवतं. दोन साक्षीदार लागतात आणि त्यांनी बाबांना सही करताना पाहिलेलं हवं, किंवा सही आपलीच आहे हे बाबांनी स्वतः त्यांना सांगितलेलं हवं. तुम्ही आव्हान द्यायचा विचार करत असाल, तर कोर्ट बघतं ते हे: लाभ घेणाऱ्यानेच वकील आणला का, मसुदा त्यानेच सांगितला का, सही करताना खोलीत तोच होता का, बाबांना मजकूर वाचता-समजता येत होता का. लाभार्थ्यानेच सगळी धावपळ केली असेल तर संशय दूर करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. नुसतं ‘आम्हाला काही दिलं नाही’ हा संशय नव्हे. प्रोबेटच्या कायद्यात अलीकडे बदल झाला आहे, तो वेगळा विषय आहे, त्यात इथे शिरत नाही.

आणि बाबा हयात असताना गिरगावच्या फ्लॅटबद्दल किंवा बोरिवलीतल्या त्यांच्या पाच अष्टमांशाबद्दल दावा टाकू नका, टिकणार नाही. उद्या ते मृत्युपत्र बदलतील किंवा फ्लॅट विकतील, तो त्यांचा अधिकार आहे. दावा होऊ शकतो तो जमिनीच्या वाटणीचा आणि बोरिवलीतल्या तुमच्या अष्टमांशाचा. त्याआधी एकदा बाबांना आणि भावाला समोर बसवून सांगा की मृत्युपत्रात बोरिवलीच्या ‘माझ्या हिश्शाचा’ आणि गावच्या ‘माझ्या हिश्शाचा’ असे शब्द लिहा, ‘संपूर्ण’ लिहू नका. भावाच्याही ते हिताचं आहे. बाबा नसताना ‘संपूर्ण’ या शब्दावरून फ्लॅट अडकून पडला, तर तो त्याला विकताही येणार नाही आणि त्यावर कर्जही मिळणार नाही.